ओटीपी आला, पण संमती कुणाची?

दहावीतली मुलगी आईच्या फोनवर अभ्यासाचं एक अ‍ॅप उघडते. आठवडाभर फक्त एक रुपयात, असं तिथे लिहिलेलं असतं. पुस्तकं मागवताना आईने दिलेला कार्डाचा नंबर तिच्याजवळ आहेच, आणि ओटीपीही त्याच फोनवर येतो. पुढे दरमहा ४९९ रुपये जाऊ लागतात. तिसऱ्या हप्त्यानंतर आईच्या ध्यानात येतं, तेव्हा १,४९८ रुपये गेलेले असतात.

आईचा पहिला विचार बँकेला ‘फसवणूक झाली’ म्हणून कळवण्याचा असतो. मला हा मार्ग चुकीचा वाटतो. घरातल्या मुलीने ओटीपी टाकला हे माहीत असताना तसं लिहिणं खोटं आहे आणि ते टिकतही नाही. रिझर्व्ह बँकेच्या २०१७च्या परिपत्रकानुसार, ग्राहकाच्याच निष्काळजीपणामुळे कार्डाची गुप्त माहिती दुसऱ्याच्या हाती गेली, तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान ग्राहकाने सोसायचं असतं.

पण ओटीपीवरून एवढंच कळतं की तो फोन कुणाच्या तरी हातात होता. आईने होकार दिला पुस्तकांना. तो दरमहाच्या वर्गणीला लागू होत नाही. अमेरिकेत २०१४ साली अ‍ॅपलला मुलांच्या खरेदीपोटी किमान ३ कोटी २५ लाख डॉलर परत करणं मान्य करावं लागलं. पालकाने एकदा पासवर्ड टाकला की पुढची पंधरा मिनिटं मुलांना पुन्हा न विचारता खरेदी करता येत होती, आणि हे पालकांना सांगितलेलंच नव्हतं.

आपल्याकडे आईची भक्कम बाजू करार कायद्यात आहे. १८७२च्या कायद्याचं कलम ११ अज्ञानाला, म्हणजे अठरा वर्षांखालच्या व्यक्तीला, करारास पात्र मानत नाही, आणि असा करार मुळातच रद्द ठरतो हे प्रिव्ही कौन्सिलने १९०३ साली सांगितलं. म्हणून आधी कंपनीला खरं तेच लिहावं: खातं मुलीच्या नावाचं आहे, तिची जन्मतारीख ही, व्यवहार हे, वर्गणी रद्द करून पैसे परत करा. खातं आईच्याच नावाचं असेल, तर हा मुद्दा बराच लंगडा पडतो.

त्याआधी, त्याच दिवशी, बँकेच्या अ‍ॅपमध्ये जाऊन कार्डावरची ई-मँडेट रद्द करावी. अ‍ॅप फोनमधून काढून टाकल्याने वर्गणी थांबत नाही. नियमाप्रमाणे दर कपातीच्या किमान चोवीस तास आधी सूचना येते, पण पंधरा हजारांपर्यंतच्या हप्त्यांना पुन्हा ओटीपी लागत नाही. आईला त्या सूचना आल्याच असतील, आणि कंपनी नेमकं तेच दाखवेल. त्यामुळे पहिल्या हप्त्यापेक्षा तिसऱ्याचे पैसे मागणं अवघड जातं.

कंपनीने नकार दिला, तर तिचं उत्तर जोडून बँकेकडे वाद नोंदवता येतो. तिथेही मुलीने काय केलं ते तसंच लिहावं. आणि अर्ज लिहिताना तिला शेजारी बसवावं, कारण एक रुपया भरताना स्क्रीनवर ४९९चा आकडा दिसत होता की नाही, हे फक्त तिलाच सांगता येईल.