पुसलेली टेप आणि भिंगारचे पत्र

जुनी मालिका पुन्हा दाखवावी, अशी विनंती करणारी पत्रे दूरदर्शनच्या वरळी केंद्राला नवी नाहीत. अशा पत्राचे पुढे काय होते, हे पाहण्यासाठी भिंगारमधल्या एका निवृत्त शिक्षिकेची कल्पना करता येईल. जन्म 1957 चा, निवृत्ती अठ्ठावन्नाव्या वर्षी. तिला हवी आहे ‘चिमणराव’. चिं. वि. जोशी यांच्या कथांवरची ही मालिका मुंबई दूरदर्शनने 1977 ते 1979 या काळात दाखवली. दिलीप प्रभावळकर चिमणराव झाले होते आणि बाळ कर्वे गुंड्याभाऊ. गल्लीत एखाद्याच घरी संच असे, तोही कृष्णधवल. पडद्यावर मुंग्या आल्या की कोणीतरी अँटेना फिरवायला वर चढे.

पत्र वाचणाऱ्याला आधी हक्कांचा प्रश्न पडतो, आणि इथे तो फारसा अवघड नाही. मालिका दूरदर्शनने स्वतः निर्माण केलेली, त्यामुळे परवानगीसाठी बाहेरच्या निर्मात्याच्या दारात जावे लागत नाही. ‘रामायण’ची गोष्ट वेगळी होती. ती सागर कुटुंबाच्या संस्थेची निर्मिती असल्याने 2020 च्या मार्चमध्ये ती पुन्हा दाखवताना हक्कधारकांशी बोलणे भागच होते. मूळ कथांचे म्हणाल तर जोशींचे निधन 1963 साली झाले. भारतीय कायद्यानुसार लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून साठ वर्षे मोजतात, म्हणजे 2023 संपताच त्या कथा सर्वांच्या झाल्या. एखाद्या जुन्या मालिकेबाबत कायद्याची वाट इतकी मोकळी क्वचितच असते.

अडते ते टेपपाशी. त्या काळातली व्हिडिओ टेप परदेशातून यायची आणि महाग होती. चित्रपटाच्या फिल्मवर एकदा प्रतिमा उमटली की ती पुसून पुन्हा वापरता येत नाही; चुंबकीय टेपचा मुख्य फायदाच तो होता. प्रक्षेपण झाले की कार्यक्रमाचे काम संपले, असे मानले जाई आणि त्याच टेपवर पुढचे काहीतरी ध्वनिचित्रित होई. ‘चिमणराव’चे बहुतेक भाग असे गेले, मागे राहिले ते मोजकेच. याला निव्वळ निष्काळजीपणा म्हणणे अन्यायाचे ठरेल. पुनःप्रक्षेपणाची मागणी पुढे होईल, असे तेव्हा कोणाच्या हिशेबातच नव्हते, आणि रिकाम्या टेपची गरज मात्र रोजची होती.

बी.बी.सी.नेही हेच केले. ‘डॉक्टर हू’ या मालिकेचे साठच्या दशकातले नव्वदहून अधिक भाग तिच्या संग्रहातून गेले. पण त्या मालिकेच्या 16 मि.मी. फिल्मवरच्या प्रती परदेशी वाहिन्यांना विकलेल्या होत्या. नायजेरियात अशाच प्रतींपैकी नऊ भाग सापडल्याचे 2013 साली जाहीर झाले. शिवाय तिकडच्या चाहत्यांनी घरच्या टेपरेकॉर्डरवर आवाज उतरवून ठेवला होता. ‘चिमणराव’च्या वाट्याला असे दुसरे घर आले नाही. मराठी मालिका परदेशी वाहिनीला कोण विकणार? आणि घरगुती व्हिडिओ रेकॉर्डर आपल्याकडे दिसू लागले ते साधारण 1982 च्या एशियाडच्या सुमारास. तोवर मालिका संपून तीन वर्षे उलटली होती. म्हणून एखाद्याच्या माळ्यावर पूर्ण संच सापडेल, ही आशा धरण्यासारखी नाही.

जे भाग उरले, तेही कपाटातून काढले आणि लावले असे होत नाही. जुन्या टेपवर चुंबकीय कण धरून ठेवणारा थर ओलावा शोषून चिकट होतो. यंत्रात टेप करकरते, चित्र फाटते आणि वाचणाऱ्या हेडवर तपकिरी राप साचतो. असे दिसताच टेप थांबवावी लागते. जोर केल्यास उरलेसुरलेही खरवडून जाते. मग टेप सुमारे पन्नास अंश सेल्सिअसच्या मंद उष्णतेत तासन्‌तास ठेवून ओलावा काढतात. हा उपाय तात्पुरता असतो, त्यामुळे त्या मुदतीतच तिची डिजिटल प्रत करून घ्यावी लागते. त्यासाठी त्या जातीचे चालू यंत्रही हवे, आणि बऱ्याचदा टेपपेक्षा यंत्रच दुर्मिळ असते.

पत्राचा मजकूर इथे उपयोगी पडतो. ‘ती जुनी छान मालिका लावा’ एवढ्यावर संग्रहातला माणूस काही शोधू शकत नाही. वर्ष, कलावंत, एखाद्या भागातला प्रसंग, जमल्यास त्या आठवड्याच्या वर्तमानपत्रातली कार्यक्रमपत्रिका दिली, तर नाव नसलेली किंवा चुकीची चिठ्ठी असलेली टेप ओळखता येते. मात्र आठवण ताडून पाहिलेली असावी. 1979 साली हीच जोडी घेऊन ‘चिमणराव गुंड्याभाऊ’ हा चित्रपटही आला होता, आणि चार दशकांनंतर त्यातला प्रसंग मालिकेतला म्हणून आठवणे सहज शक्य आहे. भिंगारच्या बाईंनी संपूर्ण मालिकेऐवजी ‘संग्रहात कोणते भाग आहेत, ते कळवावे व तेवढे दाखवावेत’ असे लिहिले, तर केंद्राला हो म्हणता येईल अशी ती विनंती ठरते.