अडीचशे रुपये कुणाचे?

जालन्याच्या मोंढ्यात अडत दुकानाची खतावणी लिहिण्यात माझी उभी हयात गेली. जमा आणि नावे जुळलं की जीव शांत होतो, तसा माझा स्वभावच बनला आहे. म्हणून भाच्याने क्रिकेटच्या सट्ट्याचा एक हिशेब माझ्यासमोर मांडला आणि तो दोन्ही बाजूंनी जुळला, तेव्हा मला मनापासून आनंद झाला. त्या आनंदाची झडती घ्यावी, असं तेव्हापासून मनात आहे.

हिशेब असा. आयपीएलचा सामना, मुंबई आणि समोरचा संघ. बरोबरी झाली तर सुपर ओव्हर होते, म्हणजे निकाल दोनच. इथला बुकी समोरच्या संघावर शंभराला एकशेदहा देतो, परगावचा बुकी मुंबईवर शंभराला शंभर. मुद्दल धरून एका रुपयाचे इकडे 2.10 होतात, तिकडे 2. आता या दोन्ही आकड्यांनी शंभराला भागायचं. 47.62 आणि 50 येतात, बेरीज 97.62. बेरीज शंभराच्या आत असली की फट आहे. एकाच बुकीच्या दोन भावांची अशी बेरीज केली तर ती नेहमी शंभराच्या वरच भरते, कारण वरचा भाग हीच त्याची कमाई.

फट सापडली म्हणून दोन्हीकडे सारखेच पैसे लावायचे नसतात. पाच-पाच हजार लावले, तर समोरचा संघ जिंकल्यास पाचशे सुटतात आणि मुंबई जिंकल्यास काहीच नाही. दोन्हीकडून परत येणारी रक्कम सारखी व्हायला हवी. इकडे 5,000 लावले तर जिंकल्यावर 10,500 येतात. तिकडे 2 च्या भावाने तेवढेच यायचे, तर 5,250 लावायला हवेत. एकूण गेले 10,250, कुणीही जिंको, आले 10,500. अडीचशे रुपये शिल्लक.

"मामा, यात हरायचा प्रश्नच येत नाही. मग हा जुगार कसा?" भाचा म्हणाला. माझ्याही मनात अगदी हेच होतं. नशिबावर काही सोडलेलं नाही, म्हणजे जुगाराचा दोष आपल्याला लागत नाही, अशी माझी समजूत मी पटकन करून घेतली होती. ती समजूत खरी आहे का, हे आधी पैशांच्या बाजूने पाहिलं.

दोन पैजा एकाच क्षणी लागत नाहीत. एक लागली आणि दुसरीचा भाव तेवढ्यात पडला, की हातात उरते ती साधी एकतर्फी पैज. एखादा बुकी निकालानंतर म्हणतो, भाव चुकून लागला होता, पैज रद्द. फट जेवढी मोठी, तेवढी ही शंका जास्त धरावी, कारण इतरांपेक्षा फारच वेगळा दिसणारा भाव बहुधा चुकलेला किंवा शिळा असतो. पावसाने सामना थांबला तर दोन बुक्यांचे नियम वेगळे निघू शकतात. आणि जिंकलेल्या बाजूच्या बुकीने पैसेच दिले नाहीत तर? 1872 च्या करार कायद्याचं 30 वं कलम पैजेचा करार निरर्थक ठरवतं, तेव्हा कोर्टात दाद नाही. हरलेल्या बाजूचे पैसे तर गेलेलेच असतात, जिंकलेल्या बाजूचं मुद्दलही बुडतं, म्हणजे सगळे 10,250 गेले. एकेचाळीस वेळा सुरळीत सुटलेले अडीचशे एका बुडीत खात्यात साफ होतात.

मग कर. अशा जिंकण्यावर 30 टक्के प्राप्तिकर आहे आणि एका पैजेतला तोटा दुसरीच्या जिंकण्यातून वजा करता येत नाही. समोरचा संघ जिंकला तर माझी जीत 5,500 धरली जाते, कर 1,650. तिकडे गेलेले 5,250 कुणी विचारातच घेत नाही. अडीचशेचा नफा चौदाशेच्या तोट्यात जातो. म्हणजे हा हिशेब टिकतो तो कर चुकवूनच. मुंबईत महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर परवानाधारक बुकी शेजारी शेजारी उभे असतात, तिथेही हा नियम सुटत नाही. क्रिकेटच्या सट्ट्याला तर परवानाही नाही. 1887 चा जुगार प्रतिबंधक कायदा आपल्याकडे आहेच, आणि ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला.

एवढ्यावर नाही म्हणून मोकळं होता आलं असतं. पण तो नकार व्यवहारी माणसाचा झाला असता. मनाला विचारायचा प्रश्न निराळा होता: ही फट मुळात पडते कशाने?

पडते ती इथल्या माणसांमुळे. आपल्याकडे मुंबईचे चाहते भरपूर. रोलिंग मिलमधून पाळी संपवून निघालेला, सळईचा ट्रक भरणारा, मोंढ्यातला हमाल, सगळे आपल्या संघावर लावतात. इथल्या बुकीकडे मुंबईच्या बाजूला पैशांचा ढीग होतो. मुंबई जिंकली तर तो बुडेल, म्हणून तो मुंबईचा भाव उतरवून शंभराला ऐंशी करतो आणि समोरच्या संघाचा एकशेदहावर चढवतो. तो चढवलेला भाव म्हणजे दुसऱ्या बाजूला पैसा आणण्याचं आमंत्रण. ते आमंत्रण स्वीकारणारा मी.

आता त्याची वही लिहून पाहिली. या सगळ्या माणसांचे मिळून मुंबईवर 5,833 रुपये आहेत असं धरू. माझे 5,000 समोरच्या संघावर. त्याच्याकडे जमा 10,833. मुंबई जिंकली तर 1.80 ने त्याला सुमारे 10,500 द्यावे लागतात, समोरचा संघ जिंकला तर मला 10,500. दोन्हीकडून त्याचे 333 सुटतात. जो हिशेब मी माझ्या वहीत मांडला, तोच त्याच्या वहीत बसतो, आणि माझे पाच हजार आले म्हणूनच बसतो. ते नसते तर त्याला मुंबईवरचे पैसे घेणं थांबवावं लागलं असतं. माझ्यामुळे तो आणखी घेऊ शकतो. त्याचं पक्कं, माझं पक्कं. पक्कं नाही ते फक्त हमालाचं, आणि परगावी शंभर मिळणाऱ्या पैजेचे त्याला इथे ऐंशीच मिळतात, हे त्याला कुणी सांगितलेलंही नाही.

भावातल्या फरकावर मोंढाही जगतो, हे मी विसरलेलो नाही. जालन्याची मोसंबी दिल्लीला चढ्या भावाने विकणाऱ्या व्यापाऱ्याचा नफा मी वर्षानुवर्षं लिहिला. पण त्याच्या खरेदीने इथला भाव वर सरकतो आणि ते शेतकऱ्याच्या पदरात पडतं. माझ्या पाच हजारांनीही भाव सरकेल, हे मला कबूल आहे. एकशेदहाचे एकशेपाच होतील, ऐंशीचे पंच्याऐंशी. हमालाला पाच रुपये जास्त भाव मिळेल, पण तो पैज लावतच राहील आणि बुकीचं दुकान जास्त निर्धास्तपणे चालेल. या सुधारणेला उपकार म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

"आपण नाही घेतलं तर दुसरा घेईल," हे भाच्याचं शेवटचं म्हणणं. घेईलही. मोंढ्यात काटा मारणाऱ्याकडूनही हेच ऐकलं आहे, आणि तिथे ते मला कधी पटलं नाही. इथे पटायला लागलं होतं, कारण काटा मारणाऱ्याला समोरचा माणूस दिसतो आणि मला दोन आकडेच दिसत होते.

उद्या कर माफ झाला, कायद्याने परवानगी दिली, बुकीने पै न् पै चुकती केली, तर? हा प्रश्न मी स्वतःला टाळू दिला नाही. हात तेव्हाही शिवशिवतील, कारण जुळणाऱ्या बेरजेची ओढ माझ्या रक्तातच आहे. पण अडीचशे जमा केल्यावर समोर नावे कुणाचं लिहायचं, हे आता मला माहीत आहे. भाच्याला मी कराचं कलम नंतर दाखवलं. आधी बुकीची वही त्याच्याकडूनच लिहून घेतली.