सतरा पट कशाच्या?

2025 च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रस्त्याच्या परिसरात जीबीएसचे रुग्ण सापडू लागले आणि दीड महिन्यात राज्यातला आकडा दोनशेच्या पुढे गेला. त्या साथीचा फ्लूशी काही संबंध नव्हता. बऱ्याच रुग्णांच्या शौचात कॅम्पिलोबॅक्टर हा जिवाणू सापडला आणि संशय दूषित पाण्यावर गेला. पण आजाराचं नाव एकदा घरोघरी पोचलं की ते कशालाही चिकटतं. पावसाळ्याच्या तोंडावर इकडे रत्नागिरीत कोणी मधुमेही आजोबांना फ्लूची लस टोचून घ्यायला सांगितलं, की घरातून पहिला प्रश्न येतो: त्याने जीबीएस होतो ना?

लस म्हणजे विषच, असं मानणाऱ्यांशी इथे वाद घालायचा नाही. त्यांना आकडे नकोच असतात. अंगचं बळ पुरेसं आहे, हा दावा स्वाइन फ्लूच्या साथीत तिशीतल्या धडधाकट माणसांनीच निकालात काढला. मला छळतं ते आपल्या बाजूच्या, सुशिक्षित माणसांचं उत्तर. ‘लसीने जीबीएस होतो हे खरं, पण फ्लूने त्याच्या सतरा पट होतो. मग घाबरायचं कशाला?’ वाक्य टाळ्यांचं आहे. त्यातला आकडाही खोटा नाही. तरी हे उत्तर चुकीचं आहे, आणि चुकीचं असूनही ते योग्य सल्ल्यापाशी पोचतं म्हणून कोणी तपासत नाही.

आधी आजार. अंगात शिरलेल्या जंतूंशी लढायला शरीर प्रतिपिंडं बनवतं. क्वचित ही प्रतिपिंडं मज्जारज्जूपासून हातापायांकडे जाणाऱ्या नसांवरच्या आवरणाला किंवा खुद्द नसेच्या तंतूला शत्रू समजतात. कॅम्पिलोबॅक्टरच्या बाबतीत कारण बरंच उलगडलं आहे: त्याच्या कवचावरची साखरेची रचना नसांवरच्या रचनेसारखी दिसते. फ्लूच्या बाबतीत ते इतकं स्वच्छ नाही. ताप किंवा जुलाब होऊन गेल्यावर आठवड्या-दोन आठवड्यांनी पायांत मुंग्या येतात, जिना चढवेनासा होतो, मग अशक्तपणा वर सरकतो आणि साधारण चार आठवड्यांच्या आत कळस गाठतो. इथून बहुतेकांची ताकद हळूहळू परत येते. म्हणून याला तात्पुरता म्हणतात, पण हा शब्द जरा जपून वापरावा. पाचांतला एक रुग्ण सहा महिन्यांनीही आधाराशिवाय चालू शकत नाही, चार-पाचांतल्या एकाला व्हेंटिलेटर लागतो, आणि चांगल्या उपचारांतही शंभरातले पाचेक दगावतात.

उपचार दोनच: शिरेतून इम्युनोग्लोब्युलिन किंवा प्लाझ्मा बदलणं. स्टेरॉइडचा उपयोग होत नाही. साठ किलोच्या माणसाला पाच दिवसांत मिळून 120 ग्रॅम इम्युनोग्लोब्युलिन लागतं, म्हणजे पाच ग्रॅमच्या चोवीस बाटल्या. रत्नागिरीत 2023 पासून सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे; तरी रुग्ण कोल्हापूरला हलवायचा तर आंबा घाटातून सव्वाशे-दीडशे किलोमीटर आहेत, आणि श्वासाचे स्नायू घाटात बसत नाहीत याची खात्री कोणी द्यायची? अनुभवी डॉक्टर निघण्याआधी रुग्णाला एका श्वासात मोठ्याने आकडे मोजायला लावतात. विसाच्या आत दम संपला, तर श्वासनलिकेत नळी घालायची तयारी ठेवूनच निघायचं.

आता त्या सतरांकडे. ते आले कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतातून, 2013 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातून. 1993 ते 2011 या काळात जीबीएसने रुग्णालयात दाखल झालेल्यांच्या नोंदी तिथे तपासल्या. पद्धत देखणी होती: प्रत्येक रुग्णाची तुलना त्याच्याशीच, म्हणजे लस घेतल्यानंतरच्या सहा आठवड्यांची त्याच माणसाच्या नंतरच्या काळाशी. निष्कर्ष असा, की दहा लाख डोसांमागे जीबीएसचा साधारण एक जादा रुग्ण, आणि फ्लू म्हणून डॉक्टरांकडे नोंदल्या गेलेल्या दहा लाख भेटींमागे साधारण सतरा. यातला ‘फ्लू’ हा डॉक्टरांनी ठरवलेला होता, प्रयोगशाळेने नव्हे; दुसऱ्या एखाद्या तापाचे रुग्णही त्यात असणार. ते सोडून देऊ.

नीट पाहा, एक आकडा डोसामागे आहे आणि दुसरा आजारामागे. डोस घेणारा प्रत्येक माणूस लसीचा धोका पत्करतो, शंभर टक्के. फ्लूचा धोका मात्र फ्लू होणाऱ्यालाच आणि तोही डॉक्टरांकडे जावं लागण्याइतका होणाऱ्यालाच. शिवाय लस घेतली म्हणून फ्लू टळेलच असंही नाही. चांगल्या वर्षी ती निम्म्याच्या आसपास आजार रोखते. म्हणजे दवाखान्याच्या बाकावर बसलेल्या, आज ठणठणीत असलेल्या माणसाला सतरा आणि एक हे आकडे शेजारी ठेवून दाखवणं म्हणजे एसटीच्या तिकिटाची किंमत पुण्यातल्या घरभाड्याशी ताडून पाहणं.

रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या 2011 च्या जनगणनेत सोळा लाखांच्या थोडी वर होती. समजा, त्यातल्या दहा लाखांना लस दिली. लसीमुळे जीबीएसचा एक रुग्ण. आता समजा, लस नसती तर यातल्या दर दहांपैकी एकाला डॉक्टर गाठावा लागेल असा फ्लू झाला असता. म्हणजे एक लाख आजारी, आणि दहा लाखांमागे सतरा या दराने जीबीएसचे 1.7 रुग्ण. लसीने निम्मा फ्लू रोखला, तर वाचले 0.85. एक दिला, पाऊण-एक वाचवला. फ्लू पाचांपैकी एकाला झाला असता, तर 1.7 वाचले असते आणि लस फायद्यात गेली असती. विसांपैकी एकालाच झाला असता, तर 0.4 वाचून ती थोडी तोट्यात. सतरा पटींचा डोंगर पोखरून हाती येते ती जवळजवळ बरोबरी, आणि ती कुठे झुकेल हे त्या वर्षीच्या साथीवर ठरतं.

हे ऐकून लसविरोधकांना आनंद व्हायचं कारण नाही. 1976 चा दाखला त्यांना प्रिय आहे, तोच घेऊ. अमेरिकेत फोर्ट डिक्स या लष्करी तळावर डुकरांच्या फ्लूशी जवळीक असलेला विषाणू सापडला, एक सैनिक दगावला, आणि राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांनी साऱ्या देशाला लस टोचायचं ठरवलं. ऑक्टोबरमध्ये मोहीम सुरू झाली आणि चार कोटींहून अधिक लोकांना लस दिल्यावर डिसेंबरात थांबली, कारण एक लाख डोसांमागे जीबीएसचा साधारण एक जादा रुग्ण दिसत होता. आजच्या लसीच्या दहा पट. त्या वर्षी असं का झालं याचं पटणारं उत्तर अजून मिळालेलं नाही. पण त्या मोहिमेची खरी शोकांतिका दुसरीकडे आहे: ती साथ आलीच नाही. फ्लू होण्याची शक्यता शून्य होती, म्हणून लसीने वाचवलेले रुग्णही शून्य, आणि दिलेला प्रत्येक डोस निव्वळ तोटा. 2009 ला याच्या उलट झालं. साथ खरोखर आली, आणि नव्या लसीचा जादा धोका अमेरिकेतल्या मोठ्या पाहणीत दहा लाखांमागे दीडेक रुग्ण एवढाच निघाला. दोन्ही वर्षांचा निकाल लस किती शुद्ध होती यावर जितका ठरला, त्याहून अधिक फ्लू किती लोकांना गाठणार होता यावर ठरला. ‘सतरा पट’ म्हणणाऱ्याच्या वाक्यात नेमकी हीच राशी गळालेली असते.

आणखी एक गोष्ट त्याच्या वाक्यात नसते. जीबीएस लसीविनाही होतोच, वर्षाला लाखामागे एक-दोन जणांना. म्हणजे आपल्या त्या दहा लाखांत टोचल्यानंतरच्या सहा आठवड्यांत एक-दोन रुग्ण निव्वळ योगायोगाने निघणार, आणि लसीमुळे एक. गावात तिघेही लसीचेच बळी ठरतील. यांतला लसीचा कोणता हे ओळखायची खूण ना नसांच्या तपासणीत सापडते, ना पाठीतून काढलेल्या पाण्यात. संख्या मोठी झाली की आकडेवारीत तो जादा एक दिसतो. समोरच्या खाटेवर तो कधीच दिसत नाही. डॉक्टर ‘लसीमुळेच’ म्हणोत की ‘लसीमुळे नक्कीच नाही’, दोघेही आपल्याकडे नसलेलं ज्ञान मिरवत असतात.

मग लस घ्यायची कशासाठी? फ्लूसाठी. हे इतकं उघड आहे की वादात कोणाला सुचत नाही. महाराष्ट्रात 2015 साली स्वाइन फ्लूने सुमारे नऊशे माणसं गेली, तीही प्रयोगशाळेत निदान झालेली तेवढीच. राज्याची लोकसंख्या बारा कोटींच्या आसपास धरली तर दहा लाखांमागे सात-आठ मृत्यू. लसीमुळे दहा लाखांमागे जीबीएसचा एक रुग्ण आणि त्यातल्या विसांत एकाचा मृत्यू, म्हणजे दोन कोटी डोसांमागे एक. इथेही मी माझाच नियम लावतो. लस सगळ्यांना मिळून निम्मे मृत्यू टळले असते, तर दहा लाख डोसांमागे तीन-चार जीव. हा आकडा डोसामागे आहे, तोही डोसामागे आहे; आता त्यांची तुलना करा. 2015 वाईट वर्ष होतं हे मान्य. त्याच्या दहाव्या हिश्शाचं वर्ष घेतलं तरी पारडं लसीकडेच राहतं.

हे पारडं सगळ्यांसाठी सारखं नसतं, कारण मृत्यू सारखे वाटले जात नाहीत. गरोदर बाई, मधुमेही, दमेकरी, सत्तरीचा माणूस यांच्या वाट्याला ते अधिक येतात. धडधाकट पंचविशीतल्या मुलाला मी लस घेच म्हणून मागे लागणार नाही. राजापूरच्या अडुसष्ट वर्षांच्या मधुमेही बाईंना मात्र लागेन, आणि त्यांना जीबीएसच्या सतरा पटींची भीती न घालता न्यूमोनियाची घालेन. कधी घ्यायची हेही त्याच हिशेबात येतं. कोकणात फ्लूचा जोर पावसाळ्यात असतो, जूनपासून थेट गणपतीच्या गर्दीपर्यंत. संरक्षण तयार व्हायला दोनेक आठवडे लागतात आणि काही महिन्यांत ते ओसरू लागतं. अमेरिकेतलं वेळापत्रक पाहून ऑक्टोबरात टोचून घेणारा धोका पूर्ण पत्करतो आणि लाभ अर्धामुर्धा. मे महिन्यात घेतलेल्या त्याच डोसाचा हिशेब वेगळा येतो.

एका माणसापुढे मात्र माझं हे सगळं गणित थांबतं. ज्याला पूर्वी फ्लूची लस घेतल्यावर सहा आठवड्यांच्या आत जीबीएस झाला होता, त्याचा डोसामागचा धोका दहा लाखांत एक धरता येत नाही. तो नेमका किती, हे सांगण्याइतके असे लोकच कुठल्या अभ्यासात नाहीत. फ्लूने दगावण्याचा धोका फार मोठा नसेल, तर अशा माणसाला सहसा लस देत नाहीत. त्याच्याऐवजी त्याच्या घरातल्या बाकीच्यांना द्यावी.