‘हरकत नाही’ आणि ‘हक्क सोडला’

हिंदी आणि मराठीची लिपी एकच. त्यामुळे हिंदी शपथपत्राचं मराठी करणं म्हणजे वाक्याच्या शेवटची क्रियापदं बदलणं, असं आमच्या घरात सगळ्यांनाच वाटत होतं. आजोबा वारल्यावर आर्वी तालुक्यातल्या सहा एकरांची वारस नोंद करायची होती. वारस चार: आजी, बाबा, काका आणि लग्न होऊन बैतूलला गेलेली आत्या. (वर्धा आणि बैतूल १९५६ पर्यंत एकाच राज्यात होते, हे आता कोणाच्या लक्षातही नसतं.) आत्यानं तिकडच्या नोटरीपुढे हिंदीत शपथपत्र करून पाठवलं. तलाठ्याकडे देताना सोबत मराठी भाषांतर जोडायचं ठरलं आणि ते माझ्याकडे आलं. कामाचं वाक्य एकच होतं:

‘मेरे स्वर्गीय पिता की कुल 6 एकड़ कृषि भूमि मेरे दोनों भाइयों के नाम दर्ज की जाए, इसमें मुझे कोई आपत्ति नहीं है।’

पहिला खड्डा ‘कुल’. हिंदीत त्याचा अर्थ एकूण. आपल्या महसुली कागदांत कूळ म्हणजे दुसऱ्याची जमीन खंडानं कसणारा माणूस, आणि विदर्भासाठी तर १९५८ चा वेगळा कूळकायदाच आहे. घाईत ‘कुळ जमीन’ लिहिलं गेलं, तर सहा एकरांवर नसलेलं कूळ बसतं. हा खड्डा मात्र दिसतो तरी. ‘एकूण’ लिहिलं की संपलं.

दुसरा खड्डा काकांनी सुचवला. ते म्हणाले, “‘हरकत नाही’ कशाला लिहितो? ‘वडिलोपार्जित जमिनीतला माझा हक्क मी सोडला आहे’ असं लिही. तिच्या मनात तेच आहे, तलाठ्यालाही समजेल.”

काकांच्या मनात पाप नव्हतं. पण त्या एका वाक्यात दोन बदल होते. ‘वडिलोपार्जित’ या शब्दाची फोड केली तर ‘वडिलांनी मिळवलेलं’ असं निघतं. कायद्याच्या मराठीत मात्र अर्थ जवळजवळ उलटा आहे: वडिलांना त्यांच्या वाडवडिलांकडून आलेलं. वडिलांनी स्वतः कमावलं ते ‘स्वकष्टार्जित’. आमची जमीन आजोबांनी स्वतः खरेदी केलेली, खरेदीखत घरात आहे. म्हणून मृत्युपत्र नसेल तर चौघांना सारखा वाटा, प्रत्येकी दीड एकर. उद्या एखादं मृत्युपत्र निघालं, तर स्वकष्टार्जित जमीन ते अख्खी कोणालाही देऊ शकतं. जमीन वडिलोपार्जित असेल तर ते फक्त आजोबांच्या हिश्श्यापुरतं चालतं, कारण २००५ च्या दुरुस्तीनंतर मुलीलाही तिथे जन्मानं हक्क आहे. आत्यानं फक्त ‘पिता की’ लिहिलं होतं. जमीन कोणत्या प्रकारची आहे हे तिनं सांगितलंच नव्हतं, मग ते सांगणारा मी कोण? मी लिहिलं, ‘वडिलांची’.

‘हक्क सोडला’ त्याहून जड. ‘हरकत नाही’ हे नोंदीबद्दलचं वाक्य आहे. हक्क सोडणं हा व्यवहार आहे. शंभर रुपये किंवा त्याहून जास्त किमतीच्या स्थावर मालमत्तेतला हक्क सोडायचा तर १९०८ च्या नोंदणी कायद्याप्रमाणे नोंदणीकृत हक्कसोडपत्र लागतं. साध्या शपथपत्रानं दीड एकर हलत नाही. आणि सातबारावर नाव नाही म्हणून मालकीही संपत नाही, कारण फेरफार ही महसुलासाठीची नोंद आहे. म्हणजे काकांचं वाक्य कायद्यात टिकलं नसतंच. पण बहिणीनं शपथेवर हक्क सोडला असा मराठी कागद घरात राहिला असता, आणि वीस वर्षांनी भांडण झालं की असेच कागद पेटीतून निघतात.

मला स्वतःला खरा मोह वेगळ्याच वाक्याचा झाला: ‘माझा मालकी हक्क अबाधित ठेवून माझी हरकत नाही.’ आत्याच्या बाजूचं, न्याय्य वाटणारं. शिवाय आत्याचा दीड एकर गेला तर त्यातला काही भाग पुढे माझ्याकडेच येणार, म्हणून तो माझा फायदा नाकारणाराही. पण विचार केल्यावर ते काकांच्या वाक्याचंच भावंडं वाटलं. शपथ मनातल्या हेतूची नसते, उच्चारलेल्या शब्दांची असते. कवितेचा अनुवादक ‘कवीला हेच म्हणायचं होतं’ म्हणू शकतो. इथे खाली ‘खरे भाषांतर’ म्हणून माझी सही आहे, आणि वर शपथ आत्याची. मी घातलेला शब्द तिच्या शपथेत जाऊन बसतो, मग तो तिच्या भल्याचा का असेना. मूळ वाक्य मोघम असेल, तर तो मोघमपणाही भाषांतरात यायला हवा.

तरी मी तिला फोन केला, भाषांतरासाठी नाही, तिला फरक माहीत असावा म्हणून. ती म्हणाली, “त्याइचं नाव लागू दे ना बाप्पा, कसते तर तेच. पन मी माहेर नाई सोडलं.”

मराठी कागदावर ‘यास माझी हरकत नाही’ एवढंच गेलं. हक्क सोडायचा असेल तर आत्यानं आर्वीला येऊन हक्कसोडपत्राची नोंदणी करावी लागेल, हे काकांना सांगितलं. तलाठ्यानं दोन्ही कागद घेतले, आणि वारस फेरफारात चारही नावं धरली.