दोन पत्र्यांमधली फट

कपॅसिटर ही तशी साधी वस्तू. समोरासमोर धरलेले धातूचे दोन पत्रे आणि मध्ये फट. तारेतून आलेला विद्युतप्रभार एका पत्र्यावर साठत जातो, दुसऱ्या पत्र्यावरून तेवढाच प्रभार निघून पुढच्या तारेत जातो. फट मात्र कुणीच ओलांडत नाही. तरीही दोन्ही बाजूंच्या तारांत धारा वाहत असते.

आता तारेभोवती एक बांगडी आहे आणि बांगडीवर साबणाच्या पाण्याचा पातळ पापुद्रा आहे, अशी कल्पना करा. अँपिअरचा नियम सांगतो की बांगडीच्या कडेकडेने मोजलेल्या चुंबकीय क्षेत्राची बेरीज पापुद्र्याला भेदणाऱ्या धारेवरून ठरते. तार पापुद्र्यातून जाते, हिशेब जुळतो. मग हळूच फुंकर घालून तो पापुद्रा पिशवीसारखा फुगवा, इतका की त्याचा तळ पत्र्याला वळसा घालून फटीत यावा. बांगडी तीच, कडेवरचे क्षेत्रही तेच. पण आता पापुद्र्यातून एकही प्रभार जात नाही. एकाच प्रश्नाची दोन उत्तरे आली, म्हणजे नियमातच काहीतरी राहून गेले आहे.

काय राहिले, हे फटीत पाहिल्यावर कळते. तिथे प्रभार नसला तरी विद्युत क्षेत्र आहे, आणि पत्रे भारित होत असताना ते सतत वाढते आहे. या वाढीच्या वेगाला योग्य स्थिरांकाने गुणले, की तारेतल्या धारेइतकाच आकडा येतो. हीच विस्थापन धारा. समजा पत्रे ५ सेंटिमीटर त्रिज्येचे, फट १ मिलिमीटर आणि धारा १ मिलिअँपिअर. फटीतला विद्युतदाब दर मायक्रोसेकंदाला सुमारे १४ व्होल्टने वाढतो आणि विस्थापन धाराही बरोबर १ मिलिअँपिअर भरते. पत्र्यांच्या कडेशी तिचे चुंबकीय क्षेत्र मात्र पृथ्वीच्या क्षेत्राच्या जेमतेम दहा हजाराव्या भागाएवढे. ते सहज कुणाच्या नजरेस पडणे शक्यच नव्हते.

जेम्स क्लार्क मॅक्सवेल अँपिअरच्या नियमातल्या या वाढीव पदापर्यंत पोहोचला तो पाठ्यपुस्तकांच्या या वाटेने नव्हे. १८६१-६२ मधल्या लेखमालेत त्याने सगळी जागा व्यापणाऱ्या एका लवचीक माध्यमाची कल्पना केली होती. विद्युत बलाने त्या माध्यमातले कण किंचित सरकतात, आणि त्या सरकण्याला त्याने ‘विस्थापन’ म्हटले. पुढे ते माध्यम विज्ञानातून बाद झाले. निर्वात जागेत सरकण्यासारखे काहीच नसते. पाडाची लाकडे निघाली, भिंत उभी राहिली. नाव तेवढे लाकडांचेच उरले.

आज आपण चार समीकरणे म्हणतो ती मांडणी ऑलिव्हर हेविसाइडने नंतर घडवली. पहिले सांगते, विद्युत रेषा प्रभारापासून निघतात. दुसरे, चुंबकीय रेषांना सुरुवातही नाही, शेवटही नाही. तिसरे, बदलत्या चुंबकीय क्षेत्राभोवती विद्युत क्षेत्राचा वेढा पडतो. चौथ्यानुसार चुंबकीय क्षेत्राचा वेढा पडतो तो धारेभोवती, आणि बदलत्या विद्युत क्षेत्राभोवतीही. प्रभार आणि तारा बाजूला काढा. पहिली दोन समीकरणे शांत होतात. तिसरे आणि चौथे एकमेकांसमोर उभे राहतात, आणि चौथ्यात शिल्लक असते फक्त विस्थापनाचे पद. तेही पुसले, तर उजवीकडे शून्य उरते. मग चुंबकीय क्षेत्र तारेला सोडून दूर जाऊच शकत नाही.

‘आधी एक क्षेत्र, मग त्यातून दुसरे, मग पुन्हा पहिले’ असे आळीपाळीचे चित्र बरेचदा काढतात, ते फसवे आहे. मोकळ्या जागेतल्या साध्या लहरीत दोन्ही क्षेत्रे एकाच क्षणी, एकाच ठिकाणी कळसाला पोहोचतात आणि एकत्रच शून्यावर येतात. खरा दुवा असा: विद्युत क्षेत्राचा जागेतला चढउतार जिथे तीव्र, तिथे चुंबकीय क्षेत्र काळानुसार झपाट्याने बदलते, आणि चुंबकीय क्षेत्राचा चढउतार विद्युत क्षेत्राला तसाच बदलायला लावतो. चढउताराचा हा आकारच पुढे सरकत राहतो. दोन अटी एकदम पाळायच्या तर सरकण्याचा वेग एकच असू शकतो: 1/√(μ₀ε₀).

हे दोन स्थिरांक टेबलावरच्या प्रयोगांतले. त्यात दिव्याचा किंवा आरशाचा संबंध नाही. वेबर आणि कोलराउश यांनी १८५६ मध्ये साठवलेल्या प्रभाराचे विद्युत आणि चुंबकीय परिणाम मोजून एक गुणोत्तर काढले होते. त्यावरून मॅक्सवेलच्या लहरीचा वेग आला सेकंदाला सुमारे ३,१०,७४० किलोमीटर. दातेरी चाक फिरवून फिझोने १८४९ मध्ये मोजलेला प्रकाशाचा वेग होता सुमारे ३ लाख १५ हजार. दोन्ही मोजमापांत थोडी चूक होती. आजचा आकडा २,९९,७९२. तरी ही जवळीक योगायोगाची म्हणून सोडून देण्यासारखी नव्हती. १८८८ पर्यंत हर्ट्झने कार्ल्सरूएमध्ये ठिणग्यांतून अशा लहरी निर्माण करून दाखवल्या.

सूर्य आणि आपल्यामध्ये १५ कोटी किलोमीटरची पोकळी आहे. तिथे ना तार, ना पत्रा. साबणाचा पापुद्रा फुगवल्यावर हिशेबात जे कमी पडले होते, त्याच्याच आधाराने ऊन सव्वाआठ मिनिटांत ती फट ओलांडून अंगणात येते.