चिठ्ठी उचलण्याआधी

ग्रामपंचायतीपासून गृहनिर्माण संस्थेपर्यंत, मते समसमान पडली की चिठ्ठी टाकायची हे सगळ्यांना ठाऊक असते. लोक चिठ्ठी मान्यही करतात. वाद पेटतो तो चिठ्ठी कोणी लिहिली, कशी दुमडली आणि उचललेल्या नावाचे काय होणार, यावरून.

ही काळजी फार जुनी आहे. तमिळनाडूतल्या उत्तरमेरूरच्या मंदिरात इ.स. 919 आणि 921 या वर्षांचे चोळकालीन शिलालेख आहेत. तिथे गावच्या समित्यांची निवडच सोडतीने होई. पात्र माणसांची नावे ताडपत्राच्या तुकड्यांवर लिहून घागरीत टाकत. वयोवृद्ध पुरोहित ती घागर सर्वांना दिसेल अशी उचलून धरी आणि आत काय आहे हे ठाऊक नसलेला लहान मुलगा त्यातून चिठ्ठी काढी. ती घेणाऱ्याने पाचही बोटे पसरून, उघड्या तळहातावर घ्यायची. मोठ्याने वाचायची, मग उपस्थित पुरोहितांनीही वाचायची. बोटे पसरलेली असली म्हणजे तळहातात दुसरी चिठ्ठी लपवता येत नाही. दोन वर्षांत नियम पुन्हा, अधिक बारकाईने कोरावे लागले, यावरून पहिल्या खेपेत पुरेसे लिहिले नव्हते असे म्हणायला जागा आहे.

पुढे मतदान आले आणि सोडतीचे काम आकसले. ती फक्त बरोबरी फोडण्यापुरती उरली. 1951 च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचे कलम 65 सांगते की मतमोजणी पूर्ण झाल्यावर बरोबरी निघाली, तर निर्णय अधिकाऱ्याने लगेच चिठ्ठीने निकाल लावावा, आणि जिच्या बाजूने चिठ्ठी येईल त्या व्यक्तीला एक मत जास्त मिळाले असे धरावे. म्हणजे कागदोपत्री निकाल मताधिक्याचाच राहतो. 2017 मध्ये मुंबई महापालिकेच्या 220 क्रमांकाच्या प्रभागात दोन उमेदवारांना प्रत्येकी 5,946 मते पडली. तिथे ईश्वरचिठ्ठीत नाव निघालेला उमेदवार नगरसेवक झाला.

पण उचललेले नाव जिंकते, हा नियम सगळीकडे नाही. फेब्रुवारी 2024 मध्ये हिमाचल प्रदेशातल्या राज्यसभा निवडणुकीत अभिषेक मनू सिंघवी आणि हर्ष महाजन यांना 34-34 मते मिळाली. चिठ्ठी निघाली सिंघवींच्या नावाची आणि ते हरले. पसंतीक्रमाच्या मतमोजणीत कोणाला बाद करायचे हे चिठ्ठीने ठरते, असा अर्थ तिथे लावला गेला. सिंघवी हा अर्थ चुकीचा म्हणून उच्च न्यायालयात गेले. दोन नावांत कोणाचीही बाजू जड नसते, संधी अर्धी-अर्धीच. तरी अर्थ आधी स्पष्ट नसला की निघालेली चिठ्ठी दोघांनाही आपलीच वाटते.

म्हणून छोट्या समितीने नियम लिहावा तो उमेदवारी अर्ज येण्याआधी, कोणाचा फायदा हे कोणालाच माहीत नसताना. समजा, एका सोसायटीत नऊ जागा आहेत आणि शेवटच्या दोन जागांसाठी तिघांना 27-27 मते पडली. आता एक चिठ्ठी काढून तिसऱ्याला बाद करायचे, की दोन काढून दोघांना निवडायचे? दोन्ही रीतींत प्रत्येकाची संधी दोन तृतीयांशच राहते. एक रीत निवडून लिहून ठेवली की पुरे. मी लिहीन ते असे: ‘जितक्या जागा भरायच्या तितक्या चिठ्ठ्या एकामागून एक काढाव्यात, निघालेले नाव निवडून आले असे समजावे, काढलेली चिठ्ठी परत टाकू नये.’

त्याच्या आधीचे पाऊल फेरमोजणीचे. ती किती वेळा मागता येईल आणि बाद मतपत्रिकांवरचे आक्षेप कधीपर्यंत घेता येतील, हे ठरलेले हवे. ते संपल्यावर उमेदवारांनी ‘मोजणी मान्य’ अशी सही करावी, मगच चिठ्ठ्या. एकाच कागदाचे सारखे तुकडे, एकाच पेनने लिहिलेली नावे, सारख्याच घड्या. घडी घालण्याआधी प्रत्येक चिठ्ठी उमेदवारांना दाखवावी, डबा रिकामा आहे हेही दाखवावे. काढणारा उमेदवारांच्या घरचा नको. न निघालेली चिठ्ठीही शेवटी उघडावी. दोन्हींवर एकच नाव असल्याची शंका तिथेच मिटते. हे सगळे इतिवृत्तात वेळेसह लिहून सह्या घ्याव्यात.

काही समित्या हे टाळून अध्यक्षांना निर्णायक मत देतात. सभेतल्या ठरावापुरते ते ठीक, पण निवडणुकीत अध्यक्ष स्वतःच उमेदवार असू शकतात, किंवा एखाद्या गटाचे असतात. चिठ्ठीला गट नसतो. मात्र मोजणीत गडबड असेल तर ती चिठ्ठीने दुरुस्त होत नाही. एखाद्या मतपत्रिकेवरची खूण वैध की अवैध हे ठरलेले नसताना डबा पुढे आणला, तर त्या मतदाराचे मत टाळून निकाल लावल्यासारखे होते. अशा वेळी आधी तो आक्षेप निकाली काढून त्याचे कारण लिहावे. बरोबरी त्यानंतरही उरली, तरच चिठ्ठी.