चौथीला बाष्पीभवन सांगताना

जलचक्राचा धडा आला की एक वाक्य पटकन तोंडात येतं: सूर्य समुद्राचं पाणी ओढून घेतो. त्यातला प्रत्येक शब्द चौथीच्या मुलाला माहीत असतो, चित्रातले बाणही वरच जात असतात. तरी मी ते वाक्य वर्गात वापरत नाही. इयत्तेला साजेशी भाषा म्हणजे नुसते ओळखीचे शब्द नव्हेत. त्या शब्दांनी मुलाच्या मनात जे चित्र उभं राहतं, ते पुढच्या इयत्तेत पुसावं लागू नये. सूर्य पाणी ओढतो हे एकदा पक्कं झालं, की रात्री पंख्याखाली फरशी कशी वाळली, याचं उत्तर मुलाला देता येत नाही.

म्हणून मी सुरुवात ओल्या फरशीपासूनच करते. ‘वाळणं’ हा शब्द मुलांचाच आहे. पाणी कुठे गेलं, असं विचारलं की ‘जमिनीत मुरलं’ हे उत्तर हमखास येतं. मग स्टीलच्या ताटात एक वाटी पाणी ओतायचं आणि तेवढंच पाणी पेल्यात ठेवायचं. स्टीलमध्ये पाणी मुरत नाही, हे मुलं लगेच मान्य करतात. दुसऱ्या दिवशी ताटातलं पाणी पेल्यातल्यापेक्षा स्पष्ट कमी झालेलं असतं. आता वाक्य सांगायचं: उघड्यावरचं पाणी थोडं थोडं हवेत मिसळत राहतं, ऊन असलं, वारा असला किंवा पाणी पसरलेलं असलं, तर लवकर मिसळतं.

‘मिसळतं’ हे क्रियापद मी मुद्दाम निवडलं आहे. ‘उडून जातं’ म्हटलं तर मुलांना पाणी नाहीसं झालं असं वाटतं. ‘बारीक थेंब होऊन वर जातं’ म्हटलं तर सोपं होतं, पण चुकतं, कारण थेंब म्हणजे अजून पाणीच. साखर पाण्यात विरघळली की दिसत नाही, पण चवीला असते, तसं पाणी हवेत असतं, एवढं चौथीला पुरतं. ‘वाफ’ हा शब्दही मी पहिल्या दिवशी काढत नाही. मुलांची वाफ चहाच्या पातेल्यावरची असते, त्यामुळे पाणी उकळल्याशिवाय काही होतच नाही, असा त्यांचा समज घट्ट होतो. शिवाय पातेल्यावर जे पांढरं दिसतं, ते गार हवा लागून पुन्हा झालेले बारीक थेंबच असतात. खरी वाफ डोळ्यांना दिसत नाही.

पण न दिसणारं पाणी हवेत आहे हे मुलानं का मानावं? त्यासाठी बर्फाचा पेला. बर्फ आणि पाणी घातलेल्या पेल्याला बाहेरून घाम फुटतो. एकदा एक मुलगा ठामपणे म्हणाला, “बाई, आतलं पाणी पाझरलं.” या उत्तराला मी ‘नाही’ म्हणत नाही. पेल्यात कोकमाचं लालभडक पाणी घालून वर बर्फ टाकला. बाहेरचे थेंब त्यानं स्वतः पांढऱ्या रुमालानं टिपले. रुमाल ओला झाला, लाल झाला नाही. त्यानं थोडा विचार केला आणि विचारलं, “मग रंग आतच राहिला आणि पाणी तेवढं आलं असेल तर?” हा प्रश्न मला फार आवडला, कारण त्यानं तर्क सोडला नव्हता. त्याला उत्तर एकच: कोरडा, रिकामा पेला फ्रीजमध्ये गार करायचा आणि बाहेर काढून ठेवायचा. त्याच्यावरही थेंब जमले. आत पाणीच नव्हतं, तेव्हा ते हवेतून आलं, हे त्यानंच सांगितलं. (हा प्रयोग पावसाळ्यात छान जमतो. उन्हाळ्यात कोरड्या हवेच्या गावी थेंब कमी येतात, तेव्हा पेला चांगलाच गार हवा.)

यानंतर मी फळ्यावर ‘बाष्पीभवन’ लिहिते. जे पाहिलं त्याला नाव मिळतं, त्यामुळे जोडाक्षरांचा लांब शब्दही जड जात नाही. व्याख्या मात्र पाठ करून घेत नाही, कारण ‘पाण्याची वाफ होणे म्हणजे बाष्पीभवन’ असं घडाघडा म्हणणारं मूलही पाणी उकळावंच लागतं असं धरून बसलेलं असू शकतं. मी विचारते: रात्री दोरीवर टाकलेला टॉवेल सकाळी कोरडा कसा? पावसाळ्यात तोच दोन दिवस दमट का राहतो? पहिल्या प्रश्नाला ‘सूर्यामुळे’ असं उत्तर आलं, तर धडा पोचलेला नाही, पुन्हा ताटाकडे जायचं. दुसऱ्याला ‘हवेत आधीच खूप पाणी मिसळलेलं असतं’ असं कुणी म्हटलं, तर चौथीला याहून जास्त काही सांगायची मला गरज वाटत नाही. रेणू, उष्णता, ऊर्जा हे शब्द वरच्या वर्गांत येतात आणि ‘मिसळतं’ या शब्दावर तसेच बसतात.